मी गाळणं



आमच्या महिला मंडळात यंदा चातुर्मासात एक खेळ झाला. चिठ्ठी उचलायची आणि त्यावरच्या प्रश्नाला दोन मिनिटांत उत्तर द्यायचं. माझ्या चिठ्ठीवर होतं, "तुम्ही घरातली एखादी वस्तू असता, तर कोणती?" माझ्या आधी कुणी म्हणालं होतं मिसळणाचा डबा, कुणी म्हणालं कपाटाची किल्ली, एकजण तर प्रेशर कुकर म्हणाली आणि शिट्टीही वाजवून दाखवली. मी म्हणाले, "मी गाळणं." बऱ्याचजणींना वाटलं, चहाचं. हशा झाला आणि दोन मिनिटं संपली. पण मला चहाचं म्हणायचं नव्हतं. मला म्हणायचं होतं ते पाणी गाळायचं फडकं. दोन मिनिटांत जे सांगता आलं नाही ते आज सविस्तर सांगते.

हे फडकं मला सासूबाईंकडून मिळालं. त्यांना सगळं घर अक्का म्हणायचं. मी बी.कॉम. होऊन लग्न करून शिरोळ तालुक्यातल्या त्या वाड्यात आले, तेव्हा तिसऱ्याच दिवशी अक्कांनी मला परसातल्या विहिरीवर नेलं. माझ्या माहेरीही पाणी गाळूनच प्यायचो, पण ते नळाला बांधलेल्या पिशवीतून. गाळण्याला रीत असते हे मी तिथे शिकले.

अक्कांचं फडकं जाड मांजरपाटाचं होतं. आपल्या श्रावकाचारात माप सांगितलंय, छत्तीस अंगुळं लांब आणि चोवीस अंगुळं रुंद, आणि ते दुहेरी करून वापरायचं. पण अक्का माप हाताने घेत नसत, भांड्याने घेत. भांड्याच्या तोंडाच्या तिप्पट कापड हवं, म्हणजे दुहेरी केल्यावरही कडा बाहेर लोंबतात आणि मध्ये झोळ पडतो. हा झोळ महत्त्वाचा. कापड ताणून बसवलं तर पाणी काठावरून न गाळताच आत जातं, आणि फार सैल सोडलं तर झोळ खालच्या गाळलेल्या पाण्यात बुडतो. मग गाळलेलं कुठलं आणि न गाळलेलं कुठलं, काहीच उरत नाही.

कापड चालेल की नाही याची अक्कांची परीक्षा सोपी होती. दुहेरी फडकं उन्हात धरायचं. त्यातून सूर्याची चकती दिसली तर ते गाळणं नाही, फक्त फडकं. नवं कापड आणलं की खळ जाईपर्यंत तीन-चार वेळा धुवायचं, नाहीतर पाणी वरच तुंबून राहतं. टेरिकॉटचं किंवा नायलॉनमिश्रित कापड घ्यायचंच नाही. आणि पाणी एरवीपेक्षा भराभर उतरायला लागलं तर खूश व्हायचं नाही, फडकं विरलंय असं समजायचं. पुन्हा उन्हात धरून बघायचं.

आता प्रत्यक्ष गाळणं. घागरीवर फडकं घालायचं, बादलीतलं पाणी एका धारेने पण हळू ओतायचं. घागर गळ्यापर्यंत आली की थांबायचं. मग फडक्याच्या चारही कडा एकत्र उचलायच्या आणि पाणी आपोआप निथळू द्यायचं. इथेच नव्या सुनेचा हात पिळायला जातो. अक्का म्हणाल्या, "पिळू नकोस गं. ज्यांच्यासाठी गाळलंस, त्यांनाच चिरडशील."

निथळलेलं फडकं एका लहान पातेल्यावर उलटं धरायचं, म्हणजे आतली बाजू खाली. मग गाळलेल्या पाण्यातलंच तांब्याभर पाणी वरून ओतायचं. अडकलेलं सगळं पातेल्यात उतरतं. हे पातेल्यातलं पाणी म्हणजे जिवाणी. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातला जिवाणू वेगळा, ही जिवाणी वेगळी. गाळताना अडकलेले जीव ज्या पाण्यात आहेत, ती जिवाणी. ती जिथून आणली तिथेच परत जायला हवी. विहिरीची विहिरीत, नदीची नदीत. एका विहिरीची दुसऱ्या विहिरीतसुद्धा नाही, कारण प्रत्येक पाण्याचा खारेपणा, थंडावा वेगळा, आणि ते जीव आपापल्या पाण्यातले.

परत करायचीही रीत होती. वरून फेकायची नाही. अक्कांकडे पितळेची लहान बादली होती, तिच्या बुडालाही कडी होती. एक दोर वरच्या कडीला, दुसरा बारीक दोर बुडाच्या कडीला. बादली सरळ सोडायची, पाण्याला टेकली की बारीक दोर ओढायचा. बादली पाण्यावरच अलगद कलंडते. विहिरीत साधा आवाजही व्हायचा नाही.

आणि एवढं सगळं करून ते पाणी किती वेळ चालतं? दोन घडी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. नंतर पुन्हा गाळायचं. लवंग वगैरे घालून प्रासुक केलं तर सहा तास, आणि चांगलं उकळलं तर चोवीस तास. माझ्या हिशेबी डोक्याला हे फार पटलं. एकदा गाळलं म्हणजे कायमचं शुद्ध झालं, असा दाखला हे फडकं कधीच देत नाही.

कॉमर्सची विद्यार्थिनी म्हणून मला सगळ्यात जास्त आवडली ती जिवाणी. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की प्रत्येक नोंद दोनदा होते, एकीकडे नावे, एकीकडे जमा. नुसतं गाळणं म्हणजे एकेरी नोंद. पाणी घेतलं, घाण टाकली, विषय संपला. जिवाणी परत सोडली की हिशेब पुरा होतो. घेतलं ते घेतलं, आणि जे आपलं नव्हतं ते ज्याचं त्याला पोचवलं. चहाच्या गाळण्यात आणि या फडक्यात फरक आहे तो हाच. चहाचं गाळणं अडवतं आणि आपण ते झटकून टाकतो. हे फडकं अडवतं, पण ठेवूनही घेत नाही आणि टाकूनही देत नाही.

आता थोडं, हे फडकं खरोखर काय अडवतं आणि काय नाही याबद्दल. आपल्या कार्यक्रमांत एक आकडा नेहमी ऐकू येतो, की पाण्याच्या एका थेंबात छत्तीस हजार चारशे पन्नास जीव असतात. मी तो कधी सांगत नाही. व्हाउचरशिवाय नोंद करायची नाही ही माझी सवय. थेंब कुठला? डबक्यातला की खोल विहिरीतला? पावसाळ्यातला की हिवाळ्यातला? प्रत्येक थेंबात आकडा एकच येणार कसा? आपली रीत टिकायला असल्या आकड्याची गरज नाही. व्हाउचर असलेल्या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट नारूची. आपल्या वयाच्या बायकांना आठवत असेल, पायातून हातभर लांब दोऱ्यासारखा जंत निघायचा. नारूची अळी पाण्यातल्या एका बारीक किड्याच्या पोटात असते. तो किडा नीट पाहिलं तर डोळ्यांना ठिपक्यासारखा दिसतो. म्हणजे दुहेरी जाड कापडात तो अडकतो. सरकारी मोहिमेत गावोगाव लोकांना पाणी कापडाने गाळायला शिकवलं, पायऱ्यांच्या विहिरींत उतरणं थांबवलं. आपल्या देशातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. ना लस होती, ना खात्रीचं औषध. मुख्य काम कापडाने आणि सवयीने केलं.

दुसरी गोष्ट बांगलादेशातली. रिटा कोलवेल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी मतलब भागातल्या पासष्ट गावांत प्रयोग केला. बायकांनी सुती साडी दुमडून तिचे आठ पदर करायचे आणि त्यातून पाणी भरायचं. कॉलऱ्याचा जंतू एकटा फार बारीक असतो, कापडातून सहज जातो. पण तो बहुतेक वेळा पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतो, आणि ते जीव आठ पदरांत अडकतात. २००३ साली निष्कर्ष छापून आले, कॉलरा जवळपास निम्म्याने घटला होता. त्यात मला सगळ्यात गोड वाटली ती ही गोष्ट, की नव्या साडीपेक्षा जुनी साडी चांगली ठरली. वारंवार धुऊन धागे सुटतात, मऊ होतात आणि विणीतली भोकं बारीक होतात. आठ पदरांची जुनी साडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे कणही अडवते. अर्थात जुनं म्हणजे वापरून मऊ झालेलं, विरलेलं नव्हे. विरलेल्याची परीक्षा वर सांगितलीच आहे.

पण निम्म्याने घटला याचा अर्थ निम्मा उरला, हेही लक्षात ठेवायचं. आणि आपलं फडकं तर दोनच पदरांचं. सुटे जंतू, काविळीचे विषाणू, विरघळलेलं मीठ, शेतातून आलेलं खत, यातलं काहीही फडक्यात अडकत नाही. गाळलेलं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून ते निर्धोक, असं समजू नये. म्हणून घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर गाळून मग उकळायचं. उकळायच्या आधी गाळायचं, नंतर नव्हे. हा क्रम दयेचाही आहे आणि आरोग्याचाही. आणि ओलं फडकं तसंच नळाला बांधून ठेवायचं नाही. दोन दिवसांत ते हाताला बुळबुळीत लागतं. तसं लागलं की समजायचं, जीव अडवायच्या जागी आपण जीव वाढवतोय.

तर हे झालं फडक्याचं. आता मी गाळणं कशी, ते.

आप्पा, म्हणजे माझे सासरे गेल्यावर वाड्याची वाटणी निघाली. यजमान थोरले, भावजी धाकटे. मोजणी झाली तेव्हा सरहद्दीची रेघ बरोबर विहिरीजवळून गेली. भावजींनी आपल्या बाजूला बोअर मारली होती, त्यांना विहिरीची गरज नव्हती. त्यांना ती बुजवून तिथून भिंत सरळ घ्यायची होती, ट्रॅक्टर आत यायला वाट हवी होती. त्यांचं म्हणणं काही अगदीच गैर नव्हतं. विहीर उघडी, घरात लहान मुलं, गाळ साचलेला.

पण अक्कांना विहिरीच्या पाण्याचा नियम होता. कित्येक वर्षांचा. तुम्हाला माहीत आहेच, आपल्यातले कितीतरी नियमवाले बोअरचं पाणी का घेत नाहीत. बोअरचं पाणी गाळता येतं, पण जिवाणी परत कुठे सोडणार? पाच-सहा इंची पाइपातून ती जिवंत तळाला कशी पोचणार? विहीर बुजली की अक्कांचा नियम संपला. त्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. नदी गावाबाहेर. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त जेवण कमी झालं. मला तेवढंच दिसलं आणि तेवढं पुरे होतं.

त्या तीन महिन्यांत दोन्ही घरांचं बोलणं माझ्यातून जायचं. भाऊ एकमेकांशी समोरासमोर बोलत नव्हते. भावजी एके संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, दादाला सांगा, अक्कांचा नियम हा बहाणा आहे. त्याला विहीर आपल्याकडे ठेवायचीय, पुढे जागा विकायला."

आता या वाक्यात पाणी किती आणि गाळ किती? पाणी एवढंच होतं की भावजींना जागेची धास्ती आहे. उद्या दादा विहिरीवर हक्क सांगेल आणि वाट अडेल, ही भीती. बाकीचं सगळं रागातलं. मी यजमानांना रात्री सांगितलं, "भावजींना वाटेची काळजी आहे. विहीर राहिली तर वाट मिळेल की नाही, याचं त्यांना लेखी हवंय." बहाणा हा शब्द माझ्यापाशी अडकला.

पण तो मी ठेवून घेतला नाही. मैत्रिणींनो, इथेच आपण बायका फसतो. सगळ्यांचं अडवतो आणि पोटात साठवतो. वीस वर्षांनी ते कुठल्यातरी लग्नाच्या मांडवात बाहेर पडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी गोठ्यात एकटे होते तेव्हा मी गेले आणि म्हटलं, "भावजी, वाटेचं मी दादांना सांगितलं. बहाण्याचं सांगितलं नाही. ते तुमचं तुमच्याकडे." आवाज चढवला नाही, जाऊबाईंसमोर नाही, अक्कांच्या कानावर नाही. पिळलंही नाही, वरून फेकलंही नाही. ते खाली बघत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं, वहिनी."

यजमानांकडूनही असंच एक वाक्य आलं होतं. ते मी इथे लिहीत नाही, कारण तेही मी परत केलंय.

मग मी कागद घेऊन बसले. बुजवायचा खर्च, म्हणजे मुरूम, ट्रॉल्या, मजुरी. दुसऱ्या बाजूला गाळ काढून लोखंडी जाळी आणि कुलपाचं झाकण बसवायचा खर्च. दुसरा आकडा कमी निघाला. भिंत विहिरीपाशी हातभर वळवायची आणि त्या बदल्यात वाटेसाठी आमच्या बाजूची पट्टी लेखी द्यायची. आमची पट्टी गेली, हे खरं. यजमानांना ते जड गेलं. पण दोघांनी सह्या केल्या. अक्का त्या दिवशी नेहमीसारखं जेवल्या.

आणि आता फडक्याची मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर मीच माझी जाहिरात केल्यासारखं होईल. विरघळलेलं मीठ फडक्यात अडकत नाही. दोन्ही भावांच्या मनात जे विरघळून गेलं होतं, ते माझ्यातून आरपार गेलं. ते लग्नकार्याला एकत्र बसतात, तब्येतीची चौकशी करतात. पण पूर्वी दोघं एका ताटात जेवायचे, तसे पुन्हा कधी जेवले नाहीत. पाणी स्वच्छ दिसतं, चव थोडी खारट आहे. ते माझ्या हातातलं काम नव्हतं, असं मी आता मानते.

अक्का त्यानंतर सहा वर्षं होत्या. शेवटपर्यंत त्याच विहिरीचं पाणी प्यायल्या, आणि शेवटची दोन वर्षं त्यांची जिवाणी मी सोडत होते.

आता आम्ही सांगलीत फ्लॅटमध्ये राहतो. नळाला पाणी येतं, मुलाने आरओ बसवलाय. मी पाणी आधी फडक्याने गाळते, मग यंत्रात. मुलगा विचारतो, "आई, यंत्र गाळतंच ना?" गाळतं, आणि फडक्यापेक्षा फार बारीक गाळतं. पण यंत्र जिवाणी परत देत नाही. जे अडकतं ते कांडीतच मरतं आणि सहा-आठ महिन्यांनी कांडीसकट कचऱ्यात जातं. आमच्या गच्चीवरच्या टाकीतून नळाला पाणी येतं, म्हणून वाटीभर जिवाणी मी टाकीतच नेऊन सोडते. रोज एकदा, जिना चढून. क्लोरीन मारलेल्या पाण्यात जिवंत असं फार थोडं असणार, हे मला कळतं. पण किती हे मी मोजू शकत नाही, आणि मोजता येत नाही म्हणून शून्य लिहायचं, हेही हिशेबात बसत नाही.

गावात चातुर्मासात मुनिसंघ आला की आहाराच्या पाण्यासाठी चौक्यांतल्या बायका आमच्याच विहिरीवर येतात, कारण आसपासच्या बहुतेक विहिरी बुजल्यात. झाकणाची किल्ली जाऊबाईंकडे असते. गेल्या वर्षी मी गेले होते तेव्हा पहाटे भावजी स्वतः झाकण उघडून उभे होते. एका नव्या सुनेच्या हातात पितळेची बादली होती आणि ती वरूनच जिवाणी ओतायला निघाली. भावजी म्हणाले, "थांब बाळ, अशी नाही. खालची कडी ओढायची असते. पाण्याला टेकू दे आधी."